दुसरा रस्ता बंद असतानाचा दोष

एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकासमोर बोगस कर्जाची फाइल आहे, अशी कल्पना करू. तारण दाखवलेली जमीन कर्जदाराच्या नावावर नाही, हे सातबारा पाहताच त्याच्या लक्षात आलं आहे. दोन्ही जामीनदारांच्या सह्या एकाच हाताच्या आहेत, हेही उघड दिसतं आहे. पण कमिशन ठरलेलं आहे, म्हणून तो खुशीने सही करतो. शेजारच्या खोलीत अध्यक्षांची दोन माणसं पिस्तूल घेऊन बसली आहेत, याचा त्याला पत्ता नाही. त्याने फाइल बाजूला सारली असती, तर ती आत येऊन सही करून घेणार होती. प्रत्यक्षात त्यांना जागचं उठावंही लागलं नाही. पुढे संस्था बुडते, ठेवीदार रस्त्यावर येतात, चौकशी लागते आणि त्या दोघांची गोष्टही उघडकीस येते. मग व्यवस्थापकाचे वकील म्हणतात, ‘माझ्या अशिलाला दुसरा पर्यायच नव्हता.’

हा बचाव एकाही ठेवीदाराला पटणार नाही आणि पटूही नये. मात्र तो का पटू नये, हे सांगायला गेलं की एक जुना समज आड येतो. माणसाला वेगळं वागणं शक्य होतं, तरच त्याला दोष द्यावा, असं आपण सगळेच धरून चालतो. इच्छास्वातंत्र्यावरचा कितीतरी वाद याच समजावर उभा आहे: सगळं आधीच ठरलेलं असेल तर वेगळं वागणं कोणालाच शक्य नव्हतं, म्हणून कोणीच दोषी नाही, अशी ती साखळी. अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी 1969 साली एका छोट्या निबंधात या समजावरच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एखाद्या परिस्थितीमुळे दुसरा मार्ग बंद होतो, पण माणूस जे करतो ते त्या परिस्थितीमुळे करतो असं नाही. या दोन गोष्टी बहुधा एकत्र येतात, म्हणून आपण त्या एकच मानतो. व्यवस्थापकाच्या बाबतीत त्या वेगळ्या झाल्या. पिस्तुलाने रस्ता बंद केला, सही मात्र कमिशनने करवली.

आपल्या कायद्यातही ही नजर आहे. भारतीय न्याय संहितेच्या 32व्या कलमात, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या 94व्या कलमात, तत्काळ मृत्यूच्या धमकीने भाग पाडलेल्या माणसाला संरक्षण आहे. खून आणि देहदंडाचे राज्यविरोधी गुन्हे तेवढे वगळले आहेत. धमकी कुठेतरी होती एवढ्याने ते संरक्षण मिळत नाही. धमकीने त्याला ते करायला भाग पाडलेलं असावं लागतं. आपल्या व्यवस्थापकाला तर धमकीची खबरही नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, पिस्तूल रोखलं तरी नाही म्हणता येतं. मरणाची तयारी असली तर पर्याय उरतोच. फ्रँकफर्ट यांना याची जाण होती. म्हणून धमक्यांची उदाहरणं तपासून झाल्यावर त्यांनी ब्लॅक आणि जोन्स ही जोडी आणली. जोन्सने अमुक एक कृत्य करावं अशी ब्लॅकची इच्छा आहे. जोन्स भलतंच ठरवणार असं दिसलं तरच तो मध्ये पडेल, आणि मग धमकी, औषध, संमोहन किंवा थेट मेंदूत ढवळाढवळ, ज्याने काम होईल ते करेल. जोन्स स्वतःच्याच कारणांनी तेच ठरवतो. ब्लॅक स्वस्थ बसून राहतो. घडलेल्या गोष्टीतून ब्लॅकला वगळलं तरी काडीचा फरक पडत नाही. मग त्याच्या नुसत्या असण्याने जोन्सचा दोष कमी कसा होईल?

इथवर सगळं सरळ वाटतं. खरी अडचण पुढे आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. जोन्स काय ठरवणार हे ब्लॅकला आधी कळतं कसं? समजा, चेहऱ्यावरच्या एखाद्या खुणेवरून. डेव्हिड वाइडरकर यांनी 1995 साली हीच कोंडी मांडली. ती खूण निर्णयाशी पक्की बांधलेली असेल, तर निर्णय आधीच ठरून गेलेला आहे. मग जोन्स दोषी आहे असं गृहीत धरणं म्हणजे ज्यावर वाद आहे तेच गृहीत धरणं. खूण पक्की नसेल, तर शेवटच्या क्षणी जोन्स वेगळं ठरवू शकतो आणि पर्याय शाबूत राहतो.

या कोंडीतून वाट काढायचा उत्तम प्रयत्न डर्क पेरेबूम यांचा आहे. त्यांचं उदाहरण कर चुकवणाऱ्याचं आहे. ते आपल्या व्यवस्थापकाला लावून पाहू. सही नाकारायची तर आधी त्याच्या मनात ठेवीदारांचा गंभीर विचार यायला हवा: निवृत्त शिक्षकाची पुंजी, कोणाच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे. हा विचार मनात आणणं त्याच्या हातात आहे. त्याच्याशिवाय नकार शक्य नाही, पण तो आला म्हणजे नकार ठरला असंही नाही. विचार करूनही माणूस सही करू शकतो. आता समजा, पिस्तुलाऐवजी त्याच्या नकळत मेंदूत बसवलेलं एक यंत्र त्या विचाराची वाट पाहत बसलं आहे आणि विचार येताच ते सहीचा निर्णय घडवून आणेल. व्यवस्थापक तो विचार मनाला शिवूच देत नाही. इथे निर्णय कशानेही आधी ठरलेला नाही, तरीही नकारापर्यंत पोहोचणं अशक्य आहे. विचार करणं तरी शक्य होतं, हाही पर्यायच, असा आक्षेप घेतात. तो पोकळ नाही. पण नुसत्या विचाराने आपण दोषातून सुटू, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, कारण विचारानंतरही सही करायला आपण मोकळेच आहोत, असं त्याला वाटलं असतं. म्हणून माझा कौल पेरेबूम यांच्या बाजूने आहे.

न केलेल्या गोष्टींचा हिशेब मात्र वेगळा आहे. पीटर व्हॅन इनवॅगन यांच्या उदाहरणात एक माणूस खिडकीतून एकाला लुटताना, मारताना पाहतो. पोलिसांना फोन करावा असं मनात येतं, पण कशाला लचांड म्हणून तो गप्प बसतो. टेलिफोन यंत्रणा त्या वेळी बंद पडलेली असते आणि त्याला ते माहीत नसतं. पोलिसांना न बोलावल्याचा दोष त्याच्यावर येतो का? येत नाही, ते त्याच्याकडून होणारच नव्हतं. साधा फोन उचलून पाहिला नाही, हा दोष त्याचाच, कारण तेवढं त्याच्या हातात होतं. म्हणजे इथे शक्याशक्यता मोजावीच लागते. फ्रँकफर्ट यांचा धडा सरसकट सगळीकडे लावणाऱ्यांनी या खिडकीपाशी थांबायला हवं. आपण काय केलं, याचा दोष आपण ते कशापायी केलं यावरून ठरतो. आपल्या हातून काय घडलं नाही, याचा दोष ठरवताना ते घडवणं शक्य होतं का, हे आधी पाहावं लागतं.

एवढ्यावरून सगळं पूर्वनिश्चित असलं तरी जबाबदारी शाबूत राहते, असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांनी केली आहे. फ्रँकफर्ट यांचं उदाहरण तेवढं सिद्ध करत नाही. पर्याय नव्हता म्हणून दोष नाही, ही एक वाट त्याने बंद केली. व्यवस्थापकाची हाव कुठून आली, तिची मुळं त्याच्या जन्माआधीच्या घटनांत असतील तर ती त्याची कशी, ही दुसरी वाट उघडीच आहे. स्वतः पेरेबूम त्याच वाटेने जातात. पर्यायांच्या प्रश्नावर फ्रँकफर्ट यांच्या बाजूने इतकं भक्कम उदाहरण रचणारा हा माणूस, शिक्षेला पात्र ठरवणारं इच्छास्वातंत्र्य आपल्यापाशी नाही, याच मताचा आहे.