शेकडा तीन, पण महिन्याचे की वर्षाचे?

बंदीच्या तोंडावर जाळी, इंजिन, होडीची डागडुजी यासाठी पैसे उचलण्याची घाई सगळ्यांनाच असते. अशा वेळी कोणी म्हणाला, "बँक बारा टक्के घेते, मी फक्त तीन," की तीनच बरे वाटतात. म्हणून एक छोटी गोष्ट सांगतो. गोष्ट रचलेली आहे, हिशेब खरा.

नातू इंजिनासाठी ५०,००० रुपये उचलायला निघाला होता. जन्मभर बाजारात मासळी विकलेल्या आजीने विचारले, "व्याज किती रे?"

"शेकडा तीन."

"कधी द्यायचं?"

"दर महिन्याला."

आजीने चिंचोक्यांची बरणी पुढे ओढली. शंभर चिंचोके मोजून बाजूला ठेवायला लावले. "हे तुझं मुद्दल. आता एकेका महिन्याचं नाव घे आणि बरणीतून तीन-तीन काढ." डिसेंबरपर्यंत दुसऱ्या ढिगात ३६ चिंचोके झाले. "आता बँकेचे काढ." नातवाने बारा काढले आणि गप्प बसला.

"आणि ते शंभर अजून तसेच आहेत हो," आजी म्हणाली. "त्यांना हातही लागला नाही."

५०,००० वर महिन्याचे १,५००, वर्षाचे १८,०००. बँकेचे १२ टक्के वर्षाचे, म्हणजे वर्षभर मुद्दल तसेच राहिले तरी ६,०००. दरमहा सारखा हप्ता भरून वर्षात कर्ज फेडले आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लावले, तर सुमारे ३,३०० च जातात.

आता गोव्यात १ जून ते ३१ जुलै बंदी. होडी काठावर, व्याज मात्र चालूच. जूनचे १,५०० दिले नाहीत आणि सावकाराने ते मुद्दलात धरले, तर जुलैचे व्याज ५१,५०० वर, म्हणजे १,५४५. ऑगस्टला समुद्रात उतरताना डोक्यावर ५३,०४५. असंच वर्षभर काही न देता चाललं तर आकडा ७१,००० च्या वर जातो. काहीजण पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात ४८,५०० ठेवतात आणि व्याज पूर्ण ५०,००० वर लावतात. ते तर तीनपेक्षाही महाग.

आमचं स्पष्ट मत आहे की महिन्याचा दर ऐकला की तिथेच बाराने गुणावं, मगच दुसऱ्या दराशी तुलना करावी. अडीनडीला रात्रीत पैसे देतो म्हणून सावकाराकडे जावं लागतं, हे आम्हालाही कळतं. पण आठ दिवसांसाठी घेतलेले पैसे आठ महिने ठेवले की गणित बदलतं.

बँकेत गेलात तर सही करण्याआधी मुख्य तथ्य पत्रक मागा. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने ते नव्या किरकोळ कर्जांना सक्तीचं केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर एकाच आकड्यात लिहिलेला असतो. सावकाराकडून असा कागद मिळत नाही, तिथे चिंचोके आपणच मोजायचे.