पगारवाढीने न सुटलेले कोडे

परिचयातील एका व्यापाऱ्याने मध्यंतरी मोठ्या व्यथेने सांगितले, "बिलांची नोंद करणाऱ्या मुलाचा पगार दोनदा वाढवला, तरी चुका थांबेनात. शेवटी तो सोडूनच गेला." पगारात कसूर नव्हती, मुलगाही प्रामाणिक होता. मग उणीव कोठे राहिली असावी? याचे उत्तर शोधताना अमेरिकेतील ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीतील एका प्रयोगाची आठवण होते. त्याचा वृत्तांत हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह 1975 साली प्रसिद्ध केला.

त्या काळी संगणकाला माहिती पुरवण्यासाठी जाड कागदाच्या कार्डांवर यंत्राने छिद्रे पाडावी लागत. कंपनीच्या या विभागात 98 जण कार्डे पाडणारे व तपासणारे होते. काम वाटण्यासाठी सात कारकून वेगळे असत. आलेले कागद हे कारकून चाळीत आणि सुमारे तासाभराचे गठ्ठे करून ज्याचा हात मोकळा असेल त्याच्यापुढे ठेवीत. कागदावर दिसेल तेवढेच छापायचे, चूक कितीही उघड असली तरी सुधारायची नाही, असा दंडक होता. मग दुसरी व्यक्ती तीच माहिती पुन्हा टंकून प्रत्येक कार्ड पडताळी. चूक सापडली की ते कार्ड दुरुस्तीसाठी मूळ माणसाकडे न जाता जो रिकामा असेल त्याच्याकडे जाई.

या व्यवस्थेत आपली चूक माणसाला कळण्याची सोयच नव्हती. कागद कोणत्या खात्याचा, त्याचे पुढे काय होणार, हेही त्याला ठाऊक नसे. कामे वेळेवर होत नसत, गैरहजेरी वाढली होती, आणि पर्यवेक्षकांचा दिवस तक्रारी व तातडीची संकटे निस्तरण्यातच जाई. आळस हे या दोषांचे मूळ नव्हते. कामाचे इतके बारीक तुकडे झाले होते की त्यातला कोणताही तुकडा कोणाचाच उरला नव्हता.

बदल केला तो याच ठिकाणी. मिळेल तो गठ्ठा देण्याची पद्धत बंद झाली आणि प्रत्येकाकडे ठरावीक खाती कायमची सोपवली गेली. त्या खात्यांतील माणसांशी त्याने थेट बोलावे. कागद अस्पष्ट असेल तर स्वतः विचारावे. उघड चूक स्वतः सुधारावी. दिवसाचे वेळापत्रक स्वतः आखावे, अशी मुभा मिळाली. चुकीचे कार्ड ज्याने पाडले त्याच्याकडेच परत येऊ लागले. दर आठवड्याला आपल्या चुकांचा व कामाचा तक्ता साहेबाच्या टेबलावरून न येता थेट त्याच्या हाती पडू लागला. ज्यांचे काम निर्दोष ठरे, त्यांच्यापैकी काहींची पडताळणी थांबवण्यात आली. माझ्या मते सर्वांत मोठा विश्वास याच निर्णयात होता.

वर्षभरात कामाचे प्रमाण 39.6 टक्के वाढले. जुन्याच पद्धतीने चाललेल्या तुलनेच्या गटात ही वाढ 8.1 टक्के होती. गैरहजेरी 24.1 टक्क्यांनी घटली, तर त्या दुसऱ्या गटात ती वाढली. एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. 98 जणांचे काम शेवटी 60 जण करू लागले. कोणी बढतीने गेले, कोणी बदलीने, कोणी नोकरी सोडून; पण बचतीचा मोठा भाग यातूनच आला. उरलेल्यांना त्यात वाटा मिळावा, अशी अपेक्षा कोणी केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. अपुऱ्या पगाराला जबाबदारीची झालर लावणे हे समृद्धीकरण नव्हे.

शिवाय हा उपाय नावापुरता केला तर फसतो. त्याच सुमारास अमेरिकेतील एका बँकेच्या समभाग-हस्तांतरण विभागात असाच प्रयत्न झाला. गट पाडले, नावे बदलली. प्रत्यक्षात माणसाच्या हातातील काम जवळपास तेच राहिले, आणि परिणामही दिसला नाही. कामात खरोखर फरक पडला की नाही, हे ओळखण्यासाठी त्या माणसालाच विचारावे: कालपर्यंत विचारून करावे लागे असे काय आज तू न विचारता करतोस? तो अडखळला, तर बदल झालेला नाही.

माझ्या त्या व्यापारी स्नेह्यांच्या पेढीवर नवा मुलगा आला आहे. आलेली बिले ढिगातून उचलून भरण्याऐवजी त्याच्याकडे वीस पुरवठादार नेमून द्यावेत, त्यांच्याशी फोनवर तोच बोलेल, वस्तू व सेवा कराची विवरणे जुळली नाहीत तर तोच खुलासा मागवील, असे आम्ही ठरवले. रक्कम देण्याची मंजुरी मात्र मालकाकडेच ठेवली. नोंद करणारा आणि पैसे सोडणारा एकच नसावा, हा हिशेबाचा जुना नियम मोडण्याचे कारण नव्हते. स्नेह्यांची अडचण निराळीच निघाली. पुरवठादाराचा फोन आला की हात पुढे होतो तो त्यांचाच.