तारीख देण्याआधी

प्रकाशकाचा फोन येतो. पुस्तकाचं नाव सांगून होतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘कधी द्याल?’ आपल्यातले बरेच अनुवादक तिथल्या तिथे ‘सहा महिने’ म्हणून मोकळे होतात. पुस्तक न वाचता दिलेली ही तारीख पुढे सगळ्यांनाच छळते.

मूळ पुस्तक आधी शेवटपर्यंत वाचायचं, कारण मराठी क्रियापदं आणि सर्वनामं पहिल्याच पानावर असे निर्णय मागतात, ज्यांची उत्तरं कधीकधी दोनशे पानांनंतर मिळतात. जिनेट विंटरसन यांच्या ‘रिटन ऑन द बॉडी’ (१९९२) या कादंबरीत तर निवेदक स्त्री की पुरुष हे अखेरपर्यंत उघडच होत नाही. इंग्रजीत ते खपून जातं. आपण ‘गेलो’ की ‘गेले’ इथेच अडतो. साध्या कौटुंबिक कादंबरीतही दोन सहकारी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर नेमके कधी येतात, हे आधी ठरलेलं बरं. वाचतानाच वहीत तक्ता करावा: कोण कोणाला काय म्हणतं आणि कोणत्या प्रकरणापासून.

वाचून झालं की निवेदन, संवाद आणि सगळ्यात किचकट वर्णन यांचा एकेक उतारा घड्याळ लावून अनुवादित करावा. रोजचा कोटा किचकट उताऱ्याच्या वेगावरून ठरवावा. शब्द मात्र मुळाचे मोजावेत. इंग्रजीतली ‘अ’, ‘द’ मराठीत गळतात, विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठी शब्दसंख्या कमीच भरते आणि आपण मागे पडलो असा उगाच भास होतो.

समजा, पुस्तक ९०,००० शब्दांचं आहे. वाचन आणि टिपणं, तीन आठवडे. रोज १,००० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे अठरा आठवडे. आजारपण, लग्नकार्य, दिवाळी धरून वीस. कोटा जास्त झालाय हे कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी: कालच्या शेवटच्या परिच्छेदांत ‘जो’, ‘जी’, ‘ज्याने’ची माळ लागलेली दिसली, की शंभर-दोनशे शब्द कमी करावेत. सुट्टीचा दिवस खाऊन ते भरून काढू नयेत.

मग दोन आठवडे हस्तलिखित बंद. त्यानंतर पहिली फेरी मूळ शेजारी ठेवून, रोज ४,००० शब्द, सुमारे पाच आठवडे. सुटलेली वाक्यं इथेच सापडतात. दुसऱ्या फेरीत मूळ मिटून ठेवायचं आणि फक्त मराठी मोठ्याने वाचायचं. तिला तीन आठवडे. या फेरीत पहिली दोन-तीन प्रकरणं सगळ्यात शेवटी घ्यावीत. ती लिहिताना पुस्तकाचा सूर सापडलेला नसतो, त्यामुळे काही पानं पुन्हा लिहावी लागतात.

बेरीज तेहेतीस आठवडे, म्हणजे साडेसात महिने. प्रुफं तपासण्याचे दिवस यात धरलेले नाहीत. ते करारात वेगळे लिहून घ्यावेत.