पोळ्याआधी त्या घरी जा

शेतकरी बंधूंनो, ज्या घरचा कर्ता यंदा गेला, तिथं पोळ्याचं दुःख आदल्या दिवशीच सुरू होतं. खांदमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप कोण लावणार, इथंच घर अडतं. म्हणून सरपंच किंवा पोलीस पाटलांनी आठ दिवस आधी जाऊन घरच्या वहिनींनाच विचारावं: बैल तोरणाखाली कोण नेणार? तुम्ही पूजणार का? की यंदा गोठ्यातच राहू देत? परस्पर ठरवू नये; आपल्याकडं ती खोड फार. संध्याकाळी शेजारचं पुरणाचं ताट जावं, गेलेल्याचं नाव काढायला भिऊ नये. झोप-जेवण तुटलेलंच असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर लावून द्यावा. पहिल्या वर्षी सगळे येतात. दुसऱ्या पोळ्याला कोणी फिरकत नाही, तेव्हाही जा.