ओटीपी सांगू नका? एवढंच?

गेल्या शनिवारी बदलापूरला घरी लोळत होतो. आईला एसएमएस आला: पार्सल अडकलंय, पत्ता अपूर्ण आहे, या नंबरवर फोन करा. तिने केलासुद्धा! समोरचा म्हणाला, "डिलिव्हरीवाल्याशी जोडतो, आधी *21*, मग त्याचा नंबर आणि शेवटी # डायल करा." मी फोन हिसकावलाच.

आमच्या ऑफिसातले शहाणे म्हणतात, ओटीपी दिला नाही की काम झालं. साफ चूक! इथे ओटीपी कुणी मागतच नाही. त्या कोडने तुमचे सगळे कॉल त्याच्या नंबरकडे वळतात. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचा नंबर टाकतो आणि कोड एसएमएसऐवजी कॉलवर मागवतो. तुमच्याकडे रिंगही वाजत नाही.

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवणं थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं. पण त्यावर विसंबू नका. *#21# डायल करून बघा, कॉल वळवलेत का ते कळेल. वळवले असतील तर ##002# डायल करून सगळं रद्द करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

आणि पार्सल? जिथून मागवलं तिथल्याच अ‍ॅपमध्ये ऑर्डर बघा. पोस्टाचं म्हणत असतील तर कन्साइनमेंट नंबर मागा आणि indiapost.gov.in स्वतः टाइप करून तपासा. मेसेजमधल्या नंबरवर तोच मेसेज खरा का विचारणं म्हणजे चोरालाच चावी कुठंय विचारणं!

उल्हासनगर-अंबरनाथच्या मावश्या-काकांना हे जरूर फॉरवर्ड करा. मेसेज हं, कॉल नव्हे!