कालच्या भिजण्याचा आजचा ताप

पावसात भिजले, थंड पाणी प्यायले किंवा रात्री पंख्याखाली झोपले की दुसऱ्या दिवशी सर्दी होते, हे मत इतके सर्वमान्य आहे की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही. या मताच्या बाजूने सांगितले जाणारे मुख्य प्रमाण अनुभवाचे असते. संध्याकाळी भिजलेल्या माणसाचा घसा सकाळी खवखवतो, दुपारी शिंका सुरू होतात आणि रात्री अंगात कणकण भरते. मग कारण आणि कार्य यांचा संबंध इतका उघड असताना त्यावर शंका कशासाठी घ्यावी, असा पूर्वपक्ष आहे. तो खोडून काढायचा तर अनुभव खोटा ठरवण्याची गरज नाही, कारण भिजणेही खरे असते आणि घसा धरणेही खरे असते. चूक आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या कालगणनेत. सर्दी आणि फ्लू हे विषाणूंचे आजार आहेत, आणि विषाणू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत काही अवधी जावाच लागतो. वैद्यकात या अवधीला अधिशयन काळ किंवा इन्क्युबेशन पिरियड म्हणतात, आणि ज्या विषाणूने आज ताप आणला तो बहुतेक वेळा कालच्या संध्याकाळच्या आधीच शरीरात शिरलेला असतो.

‘इन्क्युबेशन’ ज्यावरून आला त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ अंड्यांवर बसणे असा आहे आणि ‘अधिशयन’ हा शब्द त्याच्या जवळचा आहे; परंतु त्यातील ‘शयन’ ऐकून विषाणू या काळात निजलेला असतो अशी समजूत होते, आणि दुसऱ्या चुकीचे मूळ येथेच आहे. खरे तर अंडे बाहेरून निश्चल दिसत असताना आतले पिल्लू क्षणोक्षणी घडत असते, आणि फ्लूच्या विषाणूचेही तसेच असते. नाक व घसा यांच्या आतील अस्तराच्या पेशींवर सियालिक आम्ल नावाचा एक शर्करेसारखा रेणू असतो. त्याला चिकटून विषाणू पेशीत शिरतो, पेशीची यंत्रणा स्वतःच्या प्रती काढण्याकडे वळवतो, आणि सहा ते आठ तासांत त्या पेशीतून नव्या विषाणूंची पहिली तुकडी बाहेर पडू लागते. त्यांपैकी दहाच विषाणूंना नवी पेशी सापडली असे केवळ हिशेबासाठी धरले, तरी आठ-आठ तासांच्या पाच फेऱ्यांत, म्हणजे चाळीस तासांत, एका पेशीपासून सुरू झालेला संसर्ग एक लाख पेशींपर्यंत पोचतो. ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून येणे ही लक्षणे मुख्यतः विषाणूने थेट केलेली इजा नसून शरीराने दिलेल्या उत्तराची चिन्हे आहेत: बाधित पेशी आणि पांढऱ्या पेशी इंटरफेरॉनसारखी इशारा देणारी प्रथिने रक्तात सोडतात, आणि त्यांचे प्रमाण पुरेसे वाढले की मेंदू शरीराचे तापमान चढवतो. अधिशयन काळ म्हणजे हे प्रमाण गाठायला लागणारा वेळ होय.

हाच हिशेब या काळाची लांबी माणसागणिक का बदलते, तेही सांगतो. वरील उदाहरणात सुरुवातीला एका पेशीऐवजी दहा पेशी बाधल्या तर पाचाऐवजी चार फेऱ्या पुरतात, म्हणजे विषाणूंची मात्रा दहापट झाली तरी लक्षणे फक्त आठ तास अलीकडे येतात. उलट मागच्या संसर्गाची किंवा लशीची प्रतिकारशक्ती शिल्लक असेल तर प्रत्येक फेरीत कमी विषाणू टिकतात आणि काळ लांबतो, किंवा लक्षणांपर्यंत गोष्ट जातच नाही. म्हणून ‘फ्लूचा अधिशयन काळ दोन दिवस’ हे वाक्य एका आकड्याचे नसून एका पसरट वाटणीचे आहे. २००९ साली श्वसनमार्गाच्या विषाणूंवरील जुन्या-नव्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा इन्फ्लुएंझा-ए या प्रकाराचा मध्यांक, म्हणजे निम्म्या रुग्णांत ज्याच्या आत लक्षणे दिसली तो काळ, १.४ दिवस निघाला आणि साध्या सर्दीस सर्वाधिक कारणीभूत असणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसचा १.९ दिवस. रुग्णालयांत मात्र फ्लूसाठी एक ते चार दिवसांची मर्यादा धरतात, ती मागे राहणाऱ्यांनाही सामावून घेण्यासाठी. ऱ्हायनोव्हायरस नाकात मुद्दाम सोडलेल्या काही स्वयंसेवकांचा घसा दहा-बारा तासांतही खवखवू लागला आहे, हे पूर्वपक्षाच्या बाजूने मान्य केले पाहिजे; पण तेथेही कारण नाकात सोडलेला विषाणू होता, गारठा नव्हता.

अधिशयन काळ एरवी डोळ्यांना दिसत नाही, कारण संसर्गाचा क्षण कोणालाच ठाऊक नसतो. १९७७ साली अलास्कात घडलेली एक घटना या बाबतीत दुर्मीळ आहे. होमर येथून निघालेल्या एका विमानाचे इंजिन उड्डाणाच्या प्रयत्नात बिघडले आणि चौपन्न माणसांचे ते विमान काही तास धावपट्टीजवळ उभे राहिले. या काळात आतली हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती, आणि प्रवाशांत एक तरुणी फ्लूने आजारी होती. पुढील बहात्तर तासांत उरलेल्या त्रेपन्न जणांपैकी अडतीस जणांना खोकला, ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, आणि तपासलेल्या आजारी व्यक्तींपैकी बहुतेकांच्या रक्तात एकाच इन्फ्लुएंझा-ए विषाणूच्या संसर्गाचा पुरावा सापडला. संसर्गाची वेळ जवळजवळ घड्याळावर लिहिलेली असल्याने येथे लक्षणांच्या वेळा एका रेषेवर मांडता आल्या. मार्च महिन्यातील अलास्काचा गारठा सर्वच प्रवाशांच्या वाट्याला होता. पण आजारी पडण्याचे प्रमाण त्या बंद हवेत प्रत्येकाने किती वेळ काढला त्यानुसार बदलत गेले, आणि सर्वाधिक वेळ आत बसलेल्यांत ते सर्वाधिक होते. गारठा हे कारण असते तर ही चढण दिसली नसती.

गारठ्याची थेट परीक्षाही झालेली आहे. इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे १९४६ पासून सुमारे चार दशके चाललेल्या सर्दी-संशोधन केंद्रात स्वयंसेवक दहा-दहा दिवसांसाठी राहायला येत, आणि नाकात विषाणूचे थेंब घालण्यापूर्वी त्यांना काही दिवस इतरांपासून वेगळे ठेवत. घरून येतानाच कोणी सर्दी अंगात घेऊन आला असेल तर ती या दिवसांत प्रकट व्हावी, यासाठी ही योजना होती, आणि अधिशयन काळ न ओळखता केलेला सर्दीवरचा कोणताही प्रयोग का कोलमडतो, हे तीवरून कळते. तेथे क्रिस्टोफर अँड्र्यूज यांच्या देखरेखीखाली काहींना गरम पाण्याने अंघोळ घालून ओल्या कपड्यांनिशी वाऱ्याच्या बोळात उभे केले आणि नंतर ओले मोजे घालून ठेवले. ज्यांना फक्त हा गारठा दिला आणि विषाणू दिला नाही, त्यांना सर्दी झाली नाही. विषाणूबरोबर गारठा दिल्याने सर्दी वाढते हेही पुन्हा केलेल्या प्रयोगात टिकले नाही.

याविरुद्ध पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार २००५ सालचा कार्डिफ येथील प्रयोग आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. तेथे नव्वद जणांनी वीस मिनिटे थंड पाण्यात पाय बुडवले आणि नव्वद जणांनी रिकाम्या भांड्यात पाय ठेवले. पुढील चार-पाच दिवसांत सर्दी झाल्याचे पहिल्या गटातील तेरा जणांनी आणि दुसऱ्या गटातील पाच जणांनी सांगितले. फरक खरा धरला तरी या प्रयोगात कोणाच्याही नाकातील विषाणू तपासला गेला नव्हता आणि सर्दीचा निर्णय स्वयंसेवकांच्या सांगण्यावर होता. शिवाय संशोधकांनी सुचवलेले स्पष्टीकरण गारठ्यातून सर्दी उत्पन्न होते असे नव्हते. पाय गार पडले की नाकातील रक्तवाहिन्या आकसतात, तेथील संरक्षण ढिले पडते आणि आधीपासून नाकात असलेला दबका संसर्ग उघड होतो, असे त्यांचे अनुमान होते. म्हणजे पूर्वपक्षाचा साक्षीदारच विषाणू आधी आला होता अशी साक्ष देतो. गारठ्याला त्यापुढे फार तर साहाय्यकाची जागा मिळते, आणि ती देण्यास या लेखाची हरकत नाही.

‘लक्षण नाही म्हणजे आजार नाही’ या समजुतीचे खंडन अधिक महत्त्वाचे आहे, कारण तिचा फटका शेजारच्या माणसाला बसतो. स्वयंसेवकांच्या नाकात फ्लूचा विषाणू सोडून केलेल्या छप्पन्न अभ्यासांच्या २००८ सालच्या एकत्रित विश्लेषणात नाकातून विषाणू बाहेर पडणे अर्ध्या ते एका दिवसात झपाट्याने वाढते, दुसऱ्या दिवशी शिखर गाठते, आणि लक्षणांचे शिखर मात्र तिसऱ्या दिवशी येते, असे दिसले. बाधितांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना तर लक्षणेच आली नाहीत. लक्षणांपूर्वी शिंक-खोकला नसल्याने प्रसाराचा जोर कमी असतो, हेही खरेच. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत मुंबईसह देशातील आंतरराष्ट्रीय विमानतळांवर प्रवाशांची तपासणी झाली, आणि तिची मर्यादा अगदी साध्या तुलनेत दिसते: न्यूयॉर्कहून मुंबईचा थेट प्रवास पंधरा-सोळा तासांचा आणि अधिशयन काळ त्याच्या दुपटीहून अधिक, त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री बाधित झालेला प्रवासी बहुधा निरोगी तापमान घेऊन उतरत होता आणि तापमापकाला त्यात दोष सापडणे शक्य नव्हते.

एका कल्पित कुटुंबावर ही गणना उलट चालवून पाहता येते. वडील शुक्रवारी संध्याकाळी लग्नाच्या गर्दीत होते, शनिवारी पावसात भिजले आणि रविवारी सकाळी त्यांना एकशे दोन ताप आला. घरातील सगळे भिजण्याला दोष देतील. पण लग्नापासून तापापर्यंत सुमारे छत्तीस तास जातात आणि ते इन्फ्लुएंझा-एच्या मध्यांकाशी जुळतात. लग्नाला सोबत गेलेल्या मुलाला मंगळवारी दुपारी ताप येतो. लग्नापासून मोजले तर हे अंतर जवळजवळ चार दिवसांचे, म्हणजे मर्यादेच्या टोकाचे होते. वडिलांपासून मोजले तर रविवारपासून दोन दिवस आणि ते भिजले त्या शनिवारपासून तीन दिवस, आणि शनिवारी वडिलांच्या नाकातून विषाणू बाहेर पडू लागलेला असणे अगदी संभवनीय आहे. म्हणून मुलाचा संसर्ग घरातला असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. घशातील स्रावाची चाचणी विषाणू कोणता ते सांगते, तो कोणत्या दिवशी आला ते सांगत नाही. आईला काहीच झाले नाही. तिला संसर्ग झालाच नाही, की ती त्या लक्षणांविना राहणाऱ्या एक तृतीयांशांपैकी होती, हे तिच्या तब्येतीवरून ठरत नाही, आणि गुरुवारी ती आपल्या वृद्ध सासूबाईंना भेटायला निघते तेव्हा प्रश्न नेमका हाच असतो.