विश्लेषण : ‘वेज’ उलट्या दिशेनेच का फुटते? व्हॉल्यूम पाहिल्याशिवाय ब्रेकआउटवर विश्वास का ठेवू नये?

‘फॉलिंग वेज ब्रेकआउट, आता तेजी’ असे लिहिलेला आलेख शेअर बाजाराच्या व्हॉट्सॲप गटांवर दर आठवड्याला फिरतो. दोन तिरक्या रेषा, टोकाशी एक हिरवी कँडल आणि वर जाणारा बाण. चित्र पटते. मात्र बहुतेक वेळा आलेखाखालचे व्हॉल्यूमचे स्तंभ कापलेले असतात. नेमकी तीच माहिती तर महत्त्वाची असते.

वेज म्हणजे काय?

वेज म्हणजे पाचर. भावाच्या वरच्या टोकांना जोडणारी एक रेषा आणि खालच्या टोकांना जोडणारी दुसरी. दोन्ही रेषा एकाच दिशेने जातात, पण पुढे जवळ येत जातात. दोन्ही वर जात असतील तर रायझिंग वेज, दोन्ही खाली जात असतील तर फॉलिंग वेज. रेषा समांतर राहिल्या तर ते चॅनेल, आणि एक वर, एक खाली असेल तर त्रिकोण. या तिन्हींची सर्रास गल्लत होते.

चढती पाचर खाली आणि उतरती पाचर वर फुटते, असे तांत्रिक विश्लेषणाची पुस्तके सांगतात. अमेरिकी विश्लेषक थॉमस बुल्कोव्स्की यांनी असे हजारो आकार मोजले. त्यांच्या मोजणीतही उलट्या दिशेने फुटण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे, पण डोळे मिटून पैसे लावावेत इतके नाही.

उताराविरुद्ध का?

नेहमीचे उत्तर दमछाकीचे आहे. चढत्या पाचरीत प्रत्येक नवा उच्चांक आधीच्या उच्चांकापेक्षा थोडाच वर जातो. म्हणजे घसरणीत खरेदी करणारे उत्साही असतात, पण वरच्या भावाला पैसे मोजणारे कमी होत जातात. उशिरा आलेल्यांचे स्टॉपलॉस खालच्या रेषेच्या जरा खाली साचतात. ती रेषा तुटली की ते एकामागोमाग लागतात आणि घसरण वेग घेते.

हे खरे आहे, पण अर्धे. दुसरा अर्धा भाग निव्वळ भूमितीचा आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. चढत्या पाचरीत खालची रेषा वरच्या रेषेपेक्षा जास्त तिरकी असते. पाचरीत टिकायचे तर भावाला किमान त्या वेगाने रोज वर जात राहावे लागते. भाव नुसता एका जागी थांबला, तरी रेषाच वर येऊन त्याला गाठते. उतरत्या पाचरीत याच्या उलट : भाव पडायचा थांबला, की वरची रेषा खाली येऊन त्याला ओलांडून जाते. आलेखावर ‘ब्रेकआउट’ दिसतो, पण कुणी जोर लावून खरेदी केलेलीच नसते.

निफ्टीत हे कसे दिसले?

निफ्टीने २७ सप्टेंबर २०२४ रोजी २६,२७७ चा उच्चांक गाठला आणि तिथून घसरण सुरू झाली. मधल्या उसळीत ५ डिसेंबरला २४,८५७ आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला २३,८०७ ही टोके आली. खालच्या बाजूला २१ नोव्हेंबरला २३,२६३ आणि ४ मार्चला २१,९६४ हे तळ दिसले. सप्टेंबर आणि फेब्रुवारीची टोके जोडली तर वरची रेषा कॅलेंडरच्या दिवसामागे सुमारे १९ अंकांनी उतरते, आणि डिसेंबरचे टोक तिच्या जवळच येते. खालची रेषा उतरते जेमतेम १३ अंकांनी. म्हणजे उतरती पाचर.

काटेकोर माणूस इथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. मधला २७ जानेवारीचा २२,७८६ चा तळ खालच्या रेषेच्या साडेतीनशेहून अधिक अंक वर राहिला. खालच्या रेषेला दोनच स्पर्श असतील, तर ती रेषा थोडी आपण ओढलेली असते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वरची रेषा २३,००० च्या आसपास आली होती. १९ मार्चला निफ्टी २२,९०७ वर बंद झाला, २० मार्चला २३,१९० वर. पाचर वर फुटली. दुसऱ्या दिवशी बंद भाव २३,३५० होता. पुढे २ एप्रिलला ट्रम्प यांनी आयातशुल्क जाहीर केले आणि ७ एप्रिलला निफ्टी २१,७४३ पर्यंत पडून २२,१६१ वर बंद झाला. तोवर वरची रेषा २२,६५० च्या घरात उतरली होती, म्हणजे भाव पुन्हा पाचरीच्या आत. ब्रेकआउटला खरेदी करून ४ मार्चच्या तळाखाली स्टॉपलॉस लावणारा त्या दिवशी बाहेर फेकला गेला असता. आठवडाभरात, १५ एप्रिलला, निफ्टी २३,३२८ वर होता. आकार शेवटी ‘बरोबर’ ठरला, पण मधल्या वाटेत पैसे गेलेच असते.

मग व्हॉल्यूम काय सांगते?

पाचर तयार होताना व्हॉल्यूम हळूहळू आटणे अपेक्षित असते. समजा, एका शेअरची पहिली चढण रोज सरासरी १४ लाख शेअरच्या व्यवहारात झाली, दुसरी १० लाखांत, तिसरी ७ लाखांत. भाव वर, सहभाग खाली : दमछाक आहे. तिसरी चढण १८ लाखांत झाली असती, तर तिला चढती पाचर म्हणून विकायची घाई मी करणार नाही.

फुटतानाचा नियम मात्र दोन्ही बाजूंना सारखा नाही. चढती पाचर कमी व्हॉल्यूममध्येही खाली फुटू शकते, कारण भाव पडायला खरेदीदारांनी हात आखडता घेणे पुरते. उतरत्या पाचरीला वर फुटायला खरी मागणी लागते. म्हणून त्या दिवशीचा व्हॉल्यूम आधीच्या २० सत्रांच्या सरासरीपेक्षा ठळकपणे, निदान दीडपट, हवा. दीडपट हा व्यवहारातला अंदाज आहे, निसर्गनियम नव्हे. पण व्हॉल्यूम सरासरीहून कमी असेल, तर भाव बाहेर पडलेला नाही, रेषा त्याच्यावरून गेली आहे, असेच समजावे.

व्हॉल्यूम कुठे फसवतो?

निफ्टीचेच पाहा. निर्देशांकाची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही. ॲपमध्ये त्याखाली दिसणारे स्तंभ बहुधा ५० शेअरच्या व्यवहारांची बेरीज असतात. त्यात २० मार्च हा गुरुवार, म्हणजे तेव्हाच्या पद्धतीने निफ्टी ऑप्शन्सच्या साप्ताहिक एक्स्पायरीचा दिवस. २१ मार्चला एफटीएसई निर्देशांकांची फेररचना लागू होणार होती, आणि अशा दिवशी पॅसिव्ह फंड शेवटच्या अर्ध्या तासात ठरलेली खरेदी-विक्री उरकतात. त्या दोन दिवसांचा व्हॉल्यूम ब्रेकआउटची साक्ष म्हणून घेणे धोक्याचे होते. पुढच्या चार-पाच सत्रांत उलाढाल कशी राहते, हे पाहणे जास्त उपयोगी.

एकट्या शेअरच्या बाबतीत मोठा ब्लॉक डील एका दिवसाचा स्तंभ फुगवतो. तिथे एनएसईच्या संकेतस्थळावर मिळणारा डिलिव्हरीचा आकडा उपयोगी पडतो : व्यवहार झालेल्या शेअरपैकी किती प्रत्यक्ष घरी नेले गेले, ते त्यात दिसते. व्हॉल्यूम तिप्पट आणि डिलिव्हरीची टक्केवारी नेहमीपेक्षा निम्मी असेल, तर उसळी बहुतांश इंट्राडे मंडळींची आहे. आणखी एक साधी चूक म्हणजे सकाळी ११ वाजता आजचा स्तंभ कालच्या पूर्ण दिवसाच्या स्तंभाशी ताडून पाहणे. दिवस संपेपर्यंत ही तुलना होऊच शकत नाही, आणि रेषेच्या वर गेलेला भाव साडेतीनपर्यंत तिथेच राहील याचाही भरवसा नसतो. गटावरचे ते चित्र अनेकदा सकाळी अकरालाच आलेले असते.